शिट्टीविना

पाटण्याच्या त्या खोलीत लवली आणि तिची निभा दिदी राहायला आल्या तेव्हा सामान असं होतं : झोपायची एक लाकडी चौकी, एक टेबल, दिदीची बँकेच्या परीक्षेची पुस्तकं, लवलीची अकरावीची पुस्तकं, बाबूजींनी दिलेलं तांदळाचं पोतं, आईनं दिलेला कुकर, आणि छोटा सिलिंडर, ज्याच्या डोक्यावरच बर्नर बसवलेला असतो. कढई नव्हती. तवा नव्हता. आईनं कढई देऊ केली होती, पण दिदी म्हणाली, "आम्ही शिकायला चाललोय, लग्नाचं जेवण करायला नाही."

हे वाक्य दिदीला पुढे फार महागात पडलं.

कारण कुकरात काय होतं, तर खिचडी. त्यांच्याकडे शनिवारी खिचडी करायची पद्धतच आहे, शनिमहाराज शांत राहतात. पण दिदीनं आठवड्याचे सगळेच वार शनिवार करून टाकले. शनिमहाराज इतके शांत झाले असतील की त्यांना जांभया येत असतील. शेवटी एका संध्याकाळी दिदीनं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि झाकण परत लावलं.

"मी मेसला जाते," ती म्हणाली.

"मेसमध्ये काय असतं?"

"खिचडी नसते."

"मला एक आठवडा दे," लवली म्हणाली. "एक पदार्थ दुसऱ्यांदा आला तर तू मेसला जा, मी पण येते."

लवलीला तेव्हा स्वयंपाकातलं काहीही येत नव्हतं. पण तिला नुकताच शाळेच्या वक्तृत्वात पहिला नंबर मिळाला होता आणि त्यामुळे आपल्याला सगळंच येतं असं तिला वाटत होतं. गंमत अशी की ते खरं निघालं.

तिनं आधी एक गोष्ट ओळखली : कुकरला झाकण लावायलाच पाहिजे अशी कुणी सक्ती केलेली नाही. झाकण नसलं की ती कढई. म्हणजे आधी परतायचं ते परतून वाडग्यात काढून ठेवायचं, मग त्याच तेलकट कुकरात डाळ टाकायची, की फोडणी पण झाली आणि घासायचं पण वाचलं. डाळीवर उलटी वाटी, वाटीवर तांदळाचा डबा, डब्यावर ताटली, ताटलीवर चिरलेले बटाटे. एका झाकणाखाली डाळ, भात आणि चोख्याचे बटाटे. चोख्याला काय, उकडलेला बटाटा कुस्करा, कच्चा कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि वरून कच्चं मोहरीचं तेल. नाकात झणझणलं की समजायचं झालं.

मग घुगनी झाली, म्हणजे काळ्या चण्यांची उसळ. मग डाळपिठी झाली, म्हणजे कणकेची चिमटलेली फुलं डाळीत उकळायची, तिला आई 'दुल्हिन' म्हणते. मग तांदळाच्या पिठाचे, आत डाळ भरलेले 'पिठे' वाफवले. एका रविवारी तर लिट्टी झाली : रबरी रिंग काढून ठेवायची, शिट्टी काढून ठेवायची, पाण्याचा थेंब नाही, तळाला तूप, सत्तू भरलेले गोळे आत, झाकण नुसतं वर ठेवायचं आणि मंद आचेवर उलटत राहायचं. पहिल्यांदा रिंग काढायची विसरली होती. वासावरून समजलं. नवी रिंग घ्यावी लागली आणि दिदी दोन दिवस प्रत्येक घासाआधी वास घेत होती.

मेसचं नाव मात्र परत निघालं नाही.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना एके दिवशी घरमालक चाचा खाली आले. चाचा वरच्या मजल्यावर राहायचे, निवृत्त होते, आणि पायऱ्या उतरताना इकडेतिकडे बघत आले.

"बेटा," ते हळू आवाजात म्हणाले, "मी संध्याकाळी ध्यानाला बसतो."

"चांगलं आहे की, चाचा."

"शिट्टी वाजली की आत्मा एकदम खाली येतो."

"फार उंचावर असतो का?"

चाचांनी तिच्याकडे नीट बघितलं. लवलीचा चेहरा वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखा गंभीर होता.

"हे बघ, खोलीत गॅस चालणार नाही असा आमच्याकडे नियम आहे. तुमच्यासाठी मी डोळे बंद केलेत."

"ध्यानात ते असेही बंदच असतात, चाचा."

"तर संध्याकाळी शिट्टी नको. आणि हे चाचीला सांगायचं नाही."

"का?"

"ती म्हणते मी झोपतो."

"झोपता का?"

"ध्यान खोल लागलं," चाचा ताठ होऊन म्हणाले, "की बाहेरून तसंच दिसतं."

लवलीनं वचन दिलं. गॅस गेला असता तर मेस आली असती, आणि मेसचे पैसे बाबूजी देणार नव्हते, मग घरी परत. हे सगळं तिनं एका क्षणात जोडून बघितलं.

आता शिट्टी होऊ न देता कुकर लावायचा. वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त त्याच्याकडे पाठ करून बसता येत नाही. आधी नळीतून वाफेची सरळ धार येऊ द्यायची, मग शिट्टी ठेवायची. थोड्या वेळानं कुकर घोगरा होतो, शिट्टी जागच्या जागी थरथरायला लागते, शिंक येण्याआधी माणसाचं नाक थरथरतं तशी. नेमकी तेव्हा आच अगदी बारीक करायची. शिंक आतच राहते. मग वेळ मोजायची. मोजायला दिदीचा अभ्यास होताच. दिदीचा एक उतारा सोडवून झाला की डाळ झाली. गणिताचा अख्खा संच झाला की चणे झाले. मग गॅस बंद, आणि कुकरावर जुनी गोधडी. गोधडीत राहिलेली वाफ उरलेलं काम फुकटात करते. झाकण आपणहून सैल होईपर्यंत हात लावायचा नाही.

"आपला कुकर झोपलाय," दिदी म्हणायची.

"झोपला नाही," लवली म्हणायची. "खोल ध्यान लागलंय."

महिना असा गेला. गॅस पण कमी लागायला लागला. लवली स्वतःवर इतकी खूश होती की वर्गात वायुदाबाचा धडा चालू असताना तिनं बाईंना दोनदा मध्येच थांबवलं.

आणि मग एका मंगळवारी, शाळेतून येऊन तिनं दप्तर ठेवलं न ठेवलं तोच दारात बाबूजी उभे.

बाबूजींचं गावी, दलसिंगसरायला, खतबियाण्याचं दुकान. दुकान सोडून ते फक्त लग्नाला आणि मयताला जातात. त्यांच्या हातात रिकामी पिशवी होती आणि अंगावर पांढरा कुर्ता होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाबूजी! आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. सामान भर."

"कुणाचं?"

"दोघींचं. सातच्या गाडीनं घरी जायचं. निभा कुठाय?"

"क्लासला. बाबूजी, दिदीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे!"

"परीक्षा?" बाबूजी चौकीवर बसले. "हॉटेलात जेवणाऱ्या मुली परीक्षा देतात होय?"

तेवढ्यात जिन्यावरून एकेक पायरी धरत, गुडघ्याला नावं ठेवत चाची खाली उतरल्या. त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून त्या कधी खाली यायच्या नाहीत. आज आल्या. बाबूजींना फोन त्यांनीच केला होता, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"मी सांगितलं तुझ्या बाबूजींना," चाची म्हणाल्या. "मला मुली नाहीत, पण मन आहे. महिना झाला, ह्या खोलीतून एक शिट्टी नाही! आधी रोज वाजायची, मी वर बसून ऐकायची, की चला, पोरी जेवल्या. आता काय? संध्याकाळ झाली की चिडीचूप. मग जेवतात कुठं? बाहेर. कुणाबरोबर? ते मी नाही बोलत."

"बोललात की, चाची," लवली म्हणाली.

"उलट बोलू नको," बाबूजी म्हणाले.

लवलीनं तोंड उघडलं. एक वाक्य सांगितलं की संपलं : चाचांनीच शिट्टी बंद करायला लावली. वाक्य जिभेवर आलं. मग तिला सिलिंडर दिसला. चाचांना तोंडघशी पाडलं तर आज रात्रीच सिलिंडर बाहेर, आणि सिलिंडर बाहेर म्हणजे आपणही बाहेर, फक्त थोडं उशिरा. शिवाय वचन दिलं होतं. वक्तृत्वात पहिल्या आलेल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसावं लागलं.

बाबूजींनी पोत्यात हात घातला. हात तळाला लागला.

"हा तांदूळ कुठं गेला? विकला?"

"खाल्ला!"

"कच्चा?"

"शिजवून! बाबूजी, आम्ही रोज शिजवतो. शिट्टी होऊ न देता."

बाबूजी चाचींकडे बघायला लागले, चाची बाबूजींकडे.

"शिट्टी होऊ न देता," चाची म्हणाल्या, "कुकरात काही शिजत नाही. मी चाळीस वर्षं कुकर लावतेय."

"मी करून दाखवते. आत्ता. तुम्ही जेवून जा. मग म्हणाल ते."

बाबूजींनी घड्याळ बघितलं. त्यांना भूक लागलेली होती, ते दिसतच होतं. दुकानातला माणूस दुपारचं जेवण सोडून आला होता. "सातच्या गाडीआधी," ते म्हणाले. "आणि खिचडी घातलीस तर आत्ता उठतो. आजाऱ्याचं जेवण मला दाखवायचं नाही."

मग त्यांनी हातपाय धुतले. खोलीतली एकुलती एक बादली त्यात संपली. नळाला पाणी संध्याकाळी उशिरा येतं. पिण्याची एक कळशी उरली होती, तेवढ्यात सगळं बसवायचं होतं.

लवलीनं पदर खोचला असता, पण अंगात शाळेचा गणवेश होता, म्हणून बाह्या वर केल्या.

आधी उघड्या कुकरात मोहरीचं तेल धुरावलं. पंचफोडण टाकलं. पडवळाच्या लांब फोडी परतल्या, हळदमीठ घातलं, आणि भुजिया वाडग्यात काढली. चाची चौकीच्या कडेला बसून बघत होत्या. "कढई नाही?" त्या म्हणाल्या. "हीच," लवली म्हणाली. त्याच तेलात जिरं, लसूण, सुकी मिरची, मग धुतलेली तूरडाळ, हळद, मीठ, पाणी. उलटी वाटी. तांदळाचा डबा. ताटली. बटाटे. झाकण बसलं, रिंग नीट बसली का ते बोटानं फिरवून बघितलं. वाफेची धार आली. शिट्टी ठेवली.

कुकर घोगरा झाला. शिट्टी थरथरली. चाची पुढे वाकल्या, डोळे लकाकले, आता वाजणार अशा आशेनं. आणि लवलीनं बर्नर बारीक केला. शिट्टी गप्प झाली.

"गेला गॅस," बाबूजी म्हणाले.

"नाही गेला. खाली वाका, निळी ज्योत दिसेल."

बाबूजी वाकले. दिसली. ते परत चौकीवर जाऊन बसले.

दिदी नव्हती म्हणून लवलीनं स्वतःच दिदीचं पुस्तक उघडून एक उतारा सोडवला. पाचपैकी तीन उत्तरं चुकली, पण डाळीला त्यानं फरक पडत नाही. मग गॅस बंद करून तिनं कुकरावर गोधडी टाकली.

"आता हे काय?" चाची म्हणाल्या. "ताप आलाय त्याला?"

"आता थांबायचं. वाफ आपोआप बसली की उघडायचं."

थांबायचं ही गोष्ट बाबूजींना कधी जमली नाही. दुकानात गिऱ्हाईक खिशात हात घालायच्या आत ते सुट्टे पैसे काढून ठेवतात. त्यांनी घड्याळ बघितलं. गोधडीकडे बघितलं. पुन्हा घड्याळ.

"उघड."

"अजून दाब आहे, बाबूजी. झाकण निघणार नाही, आणि ओढायचं पण नसतं."

"मग शिट्टी उचल, वाफ जाईल."

"नको! आवाज होईल."

"झाला तर झाला! आवाजाला एवढी का घाबरतेस?"

लवलीनं छताकडे बघितलं. वर चाचांचं ध्यान नुकतंच लागलं असणार. एरवी झाकणावर गार पाणी ओतलं असतं, दाब मुकाट्यानं बसला असता. पण बादली बाबूजींच्या पायांवर गेली होती आणि कळशीत भांडंभर उरलं होतं.

"आत काही नाहीच," बाबूजी उठले. "म्हणून उघडत नाहीस. गोधडीखाली रिकामा कुकर! मला दुकानात रोज बनवतात, घरीपण बनवायचं?"

"बाबूजी, डाळ आहे तळाला, ती उडेल, थोडं—"

बाबूजींनी गोधडी ओढली, टेबलावरचा चमचा घेतला आणि शिट्टी वर उचलली.

जे झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. आगगाडी खोलीत शिरावी तशी वाफ सुटली, आणि वाफेमागून पिवळी धार, फेसाळ, थेट वर. छताला लागली, पंख्याला लागली, पंख्यानं ती वाटून दिली. बाबूजींच्या हातातला चमचा पडला. त्यांनी मागे उडी मारली ती चौकीवर चाचींच्या शेजारी येऊन बसले. पांढऱ्या कुर्त्यावर जिरं आणि लसूण स्पष्ट दिसत होते. भाजलं नव्हतं कुणाला, फक्त सगळे पिवळे झाले होते.

आवाज अजून चालूच होता, तेवढ्यात वरच्या व्हरांड्यातून दुसरा आवाज आला.

"लवली! ठरलं होतं ना आपलं! संध्याकाळी शिट्टी वाजवायची नाही म्हणून? महिनाभर नीट चाललं होतं, आज काय झालं?"

खाली सगळे दारात येऊन वर बघायला लागले. कठड्यावर चाचा वाकलेले होते. केस एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला उभे. गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी, फुलासकट, उमटलेली.

मग चाचांना चाची दिसल्या.

वाफ संपली. छतावरून डाळीचा एक थेंब टेबलावर पडला.

"तुम्ही," चाची सावकाश म्हणाल्या, "शिट्टी बंद करायला लावली?"

"ध्यानासाठी," चाचा म्हणाले.

"ध्यानात उशी लागते?"

चाचांनी गालाला हात लावला. मग ते काही न बोलता आत गेले. ध्यानी माणसाला शोभेल असं मौन होतं ते.

लवलीनं झाकण उघडलं. दाब उरलाच नव्हता. ताटलीवर बटाटे नुसते फुटायच्या बेतात, डब्यात भात मोकळा, शीत न् शीत वेगळं, आणि खाली डाळ, जेवढी छतानं ठेवली होती तेवढी. तिनं बटाटे कुस्करले, कांदा मिरची चिरली, कच्चं तेल घातलं. ताट वाढलं. भात, डाळ, चोखा, भुजिया. बाबूजींनी अंगावरच्या कुर्त्याकडे बघितलं, मग ताटाकडे, आणि जेवायला लागले.

ते जेवताना बोलत नाहीत. पहिला घास गेला. दुसरा गेला. चोखा घेतला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते मोहरीचं असणार.

"आणि काय काय करतेस?" भात संपत आल्यावर ते म्हणाले.

"घुगनी. दुल्हिन. पिठे. बटाटा घातलेला तेहरी भात. रविवारी लिट्टी."

"लिट्टी? कुकरात?" हा प्रश्न चाचींचा होता, आणि त्यात चाळीस वर्षांचा अपमान होता.

"शिकवीन तुम्हाला, चाची."

बाबूजींनी ताट पुढे केलं. "भात वाढ." मग जरा थांबून म्हणाले, "डाळीत मीठ कमी आहे."

लवलीला हसू आलं, पण तिनं ते दाबून बारीक आचेवर ठेवलं. आईच्या जेवणाला ते इतकी वर्षं हेच म्हणत आले होते आणि तिला त्यांनी एकदाही सामान भर म्हटलं नव्हतं.

निभा दिदी क्लासवरून आली तेव्हा बाबूजी चौकीवर डुलक्या घेत होते आणि सातची गाडी केव्हाच गेली होती. दिदी दारातच थांबली. तिनं बाबूजींचा कुर्ता बघितला, पंखा बघितला, छत बघितलं.

"आज काय केलंस?" तिनं कुजबुजत विचारलं.

"साधंच," लवली म्हणाली. "डाळ-भात-चोखा. डाळ वर आहे."

सकाळच्या गाडीनं बाबूजी एकटेच गेले. जाताना रिकामी पिशवी ठेवून गेले. पुढच्या आठवड्यात गावाकडून कुणीतरी तांदळाचं नवं पोतं आणून टाकलं, आणि त्याबरोबर आईनं कढई पाठवली. दिदीनं ती कढई लग्नापर्यंत जपून ठेवायची म्हणून चौकीखाली सरकवली.

सिलिंडर कुणी हलवला नाही. पण चाचींनी हुकूम काढला : रोज संध्याकाळी एक शिट्टी झालीच पाहिजे, मला वर ऐकू आली पाहिजे. त्यामुळे ज्या दिवशी चुडा-दही, म्हणजे दही-पोहे असतात, गॅस पेटवायची गरजच नसते, त्या दिवशी लवली कुकरात नुसतं पाणी घालून एक शिट्टी वाजवते आणि त्या पाण्यानं दिदी भांडी घासते.

एकदा ती विसरली. त्या दिवशी चाचांचं ध्यान रात्री नऊपर्यंत सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच जिना उतरून खाली आले, इकडेतिकडे न बघता.

"बेटा," ते म्हणाले, "शिट्टी जरा वेळेवर होऊ दे."